योजना समजावायची ती क्रेडिट नोटेपासून

तिमाही सुरू झाली की सिमेंट कंपनीचा सेल्स ऑफिसर डीलरच्या काउंटरवर नव्या योजनेचं पत्रक ठेवतो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, "शेठ, तीनशे टन उचला, बॅगेला दहा रुपये." डीलर पत्रक बाजूला सारून विचारतो, "साहेब, हातात किती पडणार आणि कधी?" सगळी योजना या एका प्रश्नात आहे, आणि त्याचं सरळ उत्तर पत्रकात क्वचितच असतं. तिथे स्लॅबचा तक्ता असतो, खाली बारीक अक्षरांत अटी असतात आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य असतं की कंपनीचा निर्णय अंतिम राहील.

माझं म्हणणं असं आहे की प्रोत्साहन योजना शेवटाकडून लिहावी आणि शेवटाकडूनच समजवावी. तिमाही संपल्यावर डीलरच्या खात्यावर जी क्रेडिट नोट पडणार, ती आधी कागदावर मांडावी. मग तिच्यातला प्रत्येक आकडा कोणत्या बिलातून, कोणत्या तारखेमुळे, कोणत्या अटीमुळे आला ते मागे जात दाखवावं. अशी मांडता येत नाही ती योजना बाजारात आणूच नये, कारण ती कंपनीच्या माणसांनाही समजलेली नसते.

याचं कारण सिमेंटच्या धंद्याच्या चालीत आहे. बिलातला दर आणि डीलरला खरोखर पडलेला दर हे या धंद्यात कधीच एक नसतात. धरू या, बॅग बिलात ३४० रुपयांना आली. वेळेत पैसे भरले तर कॅश डिस्काउंट, महिन्याचं प्रमाण गाठलं तर क्वांटिटी डिस्काउंट, आणि तिमाहीची योजना वेगळी. हे सगळं वजा झाल्यावर बॅग ३२५ ला पडली की ३३२ ला, हे कित्येक आठवड्यांनी कळतं. पण घर बांधणारा माणूस आज दुकानात उभा असतो आणि त्याला भाव आज सांगावा लागतो. शेजारचा दुकानदार ३३८ सांगत असेल, तर हाही न मिळालेल्या क्रेडिट नोटेतले सहा-सात रुपये मनात धरून ३३६ सांगतो. म्हणजे योजनेचे पैसे हातात येण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला देऊन झालेले असतात. कंपनीच्या कार्यालयात ज्याला बक्षीस म्हणतात, तो डीलरच्या हिशेबात खरेदीचाच भाग असतो, फक्त उशिरा मिळणारा. म्हणूनच अट नीट समजली नाही तर डीलर केवळ जास्तीच्या फायद्याला मुकत नाही, त्याने आधीच विकलेल्या मालावर तोटा येतो.

आता एक योजना समोर ठेवून बोलू. ती कोणत्याही कंपनीची नाही, पण तिच्यासारख्या अनेक असतात. कालावधी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२५. पाऊस संपलेला, दिवाळीनंतर बांधकामं वेग घेणारी, म्हणजे सिमेंटची चांगली तिमाही. पन्नास किलोची बॅग, वीस बॅगांचा एक टन. १०० टनांपासून बॅगेला ४ रुपये, २०० टनांपासून ७ रुपये, ३०० टनांपासून १० रुपये. आणि जो स्लॅब गाठाल त्याचा दर पहिल्या बॅगेपासून सगळ्या बॅगांना. फलटणसारख्या तालुक्याच्या गावात दुकान असलेला एक डीलर यात सहभागी आहे असं धरू या.

पहिला प्रश्न पात्रतेचा, आणि पात्रता म्हणजे फक्त डीलर कोण एवढंच नव्हे. डिपॉझिट भरलेलं आहे, जीएसटी नोंदणी चालू आहे, मागची थकबाकी नाही, हे सगळे डीलर जाणतात. घोटाळा होतो तो कोणता माल पात्र यावर. आपल्या डीलरच्या लेजरमध्ये तिमाहीची खरेदी ३१८ टन दिसते. त्यातले दहा टन एका शाळेच्या इमारतीसाठी कंत्राटदाराला गेलेले, नॉन-ट्रेड दराने. नॉन-ट्रेड म्हणजे मोठ्या कामाला थेट, वेगळ्या आणि कमी दराने दिलेला माल. त्याचं बिल डीलरच्या खात्यावरून गेलं तरी त्यावर दुकानदारी योजना लागत नाही, कारण सवलत दरातच दिलेली असते. सहा टन ओपीसी ५३ ग्रेड, आणि योजना फक्त पीपीसीवर. दोन टन फुटलेल्या आणि भिजलेल्या बॅगा, ज्या डेपोने परत घेतल्या. म्हणजे ३१८ चे ३०० उरले. डीलर डिसेंबरभर ३१८ च्या हिशेबाने निश्चिंत होता आणि प्रत्यक्षात तो कड्याच्या अगदी टोकावर उभा होता.

यात कंपनीने काही लपवलेलं नाही. नॉन-ट्रेड वगळायलाच हवं, परत आलेला माल वगळायलाच हवा. पण "पात्र खरेदी" हे दोन शब्द पत्रकात लिहिले म्हणजे समजावलं असं होत नाही. समजावणं म्हणजे त्या डीलरच्या मागच्या तिमाहीचं लेजर उघडून कोणती बिलं धरली असती आणि कोणती गळली असती हे त्याच्यासमोर पेन्सिलीने खुणा करून दाखवणं. पाऊण तास जातो. माझ्या मते नवी योजना आणणाऱ्या कंपनीने हा पाऊण तास प्रत्येक डीलरला द्यायला हवा. हॉटेलच्या सभागृहात पडद्यावर तक्ता दाखवून आणि जेवण देऊन तो वाचत नाही.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. वेळेत पैसे भरण्याची अट जवळजवळ प्रत्येक योजनेत असते, आणि ती रास्त आहे. कंपनीने उधारीवर माल द्यायचा, डीलरने मुदत चुकवायची आणि वर प्रोत्साहनही घ्यायचं, हे चालणार नाही. पण ही अट कशी लिहिली आहे यावर सगळं ठरतं. पत्रकात वाक्य असतं : "मुदतीनंतर भरणा झालेली बिलं योजनेसाठी धरली जाणार नाहीत." वाचायला निरुपद्रवी. आपल्या डीलरचं नोव्हेंबरातलं पंधरा टनांचं एक बिल चार दिवस उशिरा भरलं गेलं. त्याने चेक मुदतीत दिला होता, पण मध्ये बँकेच्या सुट्ट्या आल्या आणि कंपनी चेक वटल्याची तारीख धरते. ते बिल गळलं, तर ३०० चे २८५ टन झाले. २८५ टनांना ७ रुपयांचा दर. ५,७०० बॅगा, ३९,९०० रुपये. बिल वेळेत भरलं असतं तर ६,००० बॅगांना १० रुपयांनी ६०,००० मिळाले असते. पंधरा टनांच्या एका बिलाच्या चार दिवसांच्या उशिरापायी २०,१०० रुपये गेले. त्या बिलातल्या तीनशे बॅगांवर वाटून पाहिलं तर बॅगेला ६७ रुपये दंड. कोणत्याही सावकाराने चार दिवसांचं इतकं व्याज लावलं नसतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या गेल्या आहेत. स्लॅब गाठला की नाही हे ठरवण्यासाठी बिल मोजणं ही एक गोष्ट, आणि त्या बिलावर प्रोत्साहन देणं ही दुसरी. डीलरने माल उचलला, विकला, कंपनीला पैसेही मिळाले. ते बिल स्लॅबच्या मोजणीत राहावं आणि उशीर झाला म्हणून फक्त त्या बिलापुरतं प्रोत्साहन जावं. तसं केलं तर ५,७०० बॅगांना १० रुपयांनी ५७,००० मिळतात. शिक्षा तीन हजारांची होते. ती चुकीएवढीच आहे आणि डीलरला पटते. "उशिरा भरलेलं बिल स्लॅबसाठी मोजलं जाईल, पण त्या बिलावर प्रोत्साहन मिळणार नाही" हे वाक्य लिहायला एक ओळ लागते. जानेवारीतली निम्मी भांडणं या एका ओळीने वाचतील असं मला वाटतं. सोबत हेही लिहावं की चेकसाठी वटल्याची तारीख धरणार आणि आरटीजीएससाठी खात्यात जमा झाल्याची. मग सुट्ट्यांच्या तोंडावर डीलर चेक देणारच नाही.

पण वरच्या उदाहरणात एवढा फरक पडला तो खरं तर अटीमुळे नव्हे, स्लॅबच्या रचनेमुळे. "पहिल्या बॅगेपासून सगळ्या बॅगांना" हे शब्द ऐकायला गोड आहेत आणि बाजार बिघडवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. हिशेब करून पाहू. २६ डिसेंबरला एखाद्या डीलरची पात्र खरेदी २८८ टन आहे. इथेच थांबला तर ५,७६० बॅगांना ७ रुपयांनी ४०,३२० मिळतात. आणखी बारा टन, म्हणजे २४० बॅगा घेतल्या की ६०,००० मिळतात. म्हणजे शेवटच्या २४० बॅगांनी १९,६८० रुपये आणले, बॅगेमागे ८२ रुपये. आता हा माणूस काय करेल? त्या २४० बॅगा तो खरेदीपेक्षा चाळीस रुपये कमी भावाने विकायलाही तयार होईल, कारण तरीही त्याचे बॅगेला बेचाळीस सुटतात. त्या बॅगा शेजारच्या तालुक्यातल्या दुकानदाराला जातात आणि तिथला भाव पडतो. ज्या डीलरचा काही संबंध नाही त्याचं गिऱ्हाईक विचारू लागतं की पलीकडे तीनशेला मिळतं, तुम्ही का लुटता? मग सेल्स ऑफिसर फोन करून रेट तोडणाऱ्याला झापतो. पण रेट तोडायला त्याला त्याच्या कंपनीच्या तक्त्यानेच शिकवलेलं असतं.

तेवढ्याच पैशांत दुसरी रचना बसवता येते. पहिल्या शंभर टनांना बॅगेला ६, पुढच्या शंभरांना १०, त्यापुढच्यांना १४, आणि प्रत्येक दर फक्त त्या-त्या टप्प्यातल्या बॅगांना. ३०० टनांवर पुन्हा ६०,०००च होतात : बारा, वीस आणि अठ्ठावीस हजार. पण २८८ टनांवर थांबणाऱ्याला ५६,६४० मिळतात. शेवटच्या २४० बॅगांचे ३,३६०, बॅगेला १४ रुपये. प्रोत्साहन आहे, ओढ आहे, पण चाळीस रुपये तोडून विकण्याइतकी नाही. आणि वर पाहिलेल्या उशिरा भरलेल्या बिलासारखे वाद इथे उग्र होतच नाहीत, कारण एका बिलाने कुणी कड्यावरून पडत नाही.

विक्री विभागातली माणसं यावर जे म्हणतात ते ऐकून घ्यायला हवं. ते म्हणतात, कडा नसेल तर डीलर धावत नाही. शेवटच्या आठवड्यात जी हालचाल होते ती त्या उडीमुळेच, आणि वरून येणारं टार्गेट त्यावरच निघतं. हे खरं आहे. हालचाल होते. प्रश्न एवढाच की माल कुठे हलतो. डिसेंबरच्या शेवटच्या पाच दिवसांत बिलिंग उसळलं आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तेवढंच बसलं, तर सिमेंट गोदामात गेलं, भिंतीत गेलं नाही. हे ओळखायला मोठं सर्वेक्षण लागत नाही. बॅगेवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. फेब्रुवारीत गावोगावच्या छोट्या दुकानांत डिसेंबरच्या बॅगा थप्पीला लावलेल्या दिसल्या की काय झालं ते कळतं. सिमेंट हा थांबणारा माल नाही. हवेतला ओलावा शोषून त्याची ताकद उतरते, आणि तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये हा बांधकामातला जुना दंडक आहे. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी तिमाहीत अशी कड्याची योजना लावणं तर मला सरळ चुकीचं वाटतं. मागणी मंदावलेली, हवा ओली, आणि डीलरला सांगायचं की गोदाम भर. त्या बॅगांतले खडे पुढे कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात.

कालावधीबद्दल पत्रकात दोन तारखा असतात, पण त्या कशाच्या तारखा हे लिहिलेलं नसतं. ऑर्डरची, पैसे भरल्याची, बिलाची की माल दुकानात उतरल्याची? जीएसटीत माल निघताना किंवा त्याआधी बिल व्हावं लागतं, म्हणून बिलाची तारीख धरणं सगळ्यात स्वच्छ. पण मग कंपनीच्या बाजूने होणाऱ्या उशिराचं काय? डीलरने २६ डिसेंबरला ऑर्डर दिली, पैसे भरले, आणि रेक लांबल्यामुळे डेपोत मालच नव्हता. ट्रक २ जानेवारीला निघाला, बिल जानेवारीचं. डीलरची चूक काही नाही आणि स्लॅब गेला. त्यासाठी योजनेतच तरतूद हवी : अमुक तारखेपर्यंत पूर्ण पैसे भरून नोंदवलेली ऑर्डर, बिल नंतरच्या पाच दिवसांत झालं तरी, या तिमाहीत धरली जाईल. उलट बाजूची चलाखीही बंद करावी लागते. ३१ डिसेंबरला बिलं फाडून ठेवायची आणि माल आठवडाभर डेपोतच राहू द्यायचा, हा प्रकार धंद्यात माहीत नाही असा माणूस नसेल. बिलाची तारीख आणि ई-वे बिलात गाडीचा नंबर भरल्याची तारीख शेजारी ठेवली की ते दिसतं. दोन्हींत तीन दिवसांहून जास्त अंतर असेल तर ते बिल पुढच्या तिमाहीत, एवढं लिहिलं तरी पुरतं.

तारखांचा आणखी एक पदर आहे, आणि तो चुकला की नुकसान कराचं होतं. योजनेचं पत्रक कधी निघालं याला महत्त्व आहे. विक्रीनंतर दिलेली सवलत मालाच्या किमतीतून वजा करून त्यावरचा जीएसटी कमी करायचा असेल, तर या तिमाहीला लागू असलेल्या नियमाप्रमाणे ती सवलत विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी ठरलेली हवी, विशिष्ट बिलांशी जोडता यायला हवी, आणि घेणाऱ्याने त्यावरचं इनपुट क्रेडिट परत करायला हवं. "१ ऑक्टोबरपासून लागू" असं म्हणणारं पत्रक २० ऑक्टोबरला आलं, तर पहिल्या एकोणीस दिवसांच्या बिलांवर ही वाट बंद झाली. म्हणून पत्रक तिमाही सुरू होण्यापूर्वी डीलरच्या हातात असणं आणि त्याने ते मिळाल्याची तारखेसह सही करणं ही केवळ शिस्त नाही. बिलांशी जोडणं का हवं तेही त्या वर्षानेच दाखवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या योजनेत दोन्ही दरांची बिलं होती, आणि क्रेडिट नोटेला मूळ बिलाचाच दर लागतो. ज्यांनी नुसता टनांचा ढोबळ आकडा ठेवला होता त्यांच्या हिशेबनिसांना प्रत्येक बिल पुन्हा काढून बसावं लागणं ओघानेच आलं.

आता क्लेमकडे येऊ. माझं इथे ठाम मत आहे : कंपनीच्या स्वतःच्या बिलांवर आधारलेल्या योजनेत डीलरला क्लेम भरायला लावूच नये. बिलं कंपनीची, भरण्याच्या तारखा कंपनीकडे, परत घेतलेल्या मालाची नोंद कंपनीकडे. तरीही डीलरने फॉर्म भरायचा, बिलांच्या झेरॉक्स जोडायच्या, १५ जानेवारीच्या आत द्यायच्या, आणि एक दिवस उशीर झाला की हक्क गेला. यातून काय साधतं? विसरलेल्या क्लेमचे पैसे वाचतात, एवढंच. डीलरने पुढच्या डीलरला किंवा दुकानदाराला दिलेल्या सवलतीची भरपाई कंपनी करते, तेव्हा गोष्ट वेगळी. तो माल कुणाला गेला हे कंपनीला दिसत नाही, म्हणून तिथे बिलांसह क्लेम मागणं योग्यच आहे.

आपल्या योजनेत क्रम असा हवा. ७ जानेवारीपर्यंत कंपनीने बिलवार तक्ता पाठवावा : बिल क्रमांक, तारीख, टन, पात्र की अपात्र, अपात्र असेल तर कारण, भरण्याची मुदत आणि प्रत्यक्ष तारीख. डीलरने पंधरा दिवसांत हरकत घ्यावी किंवा मान्य करावं. हरकत आली तर ज्या सेल्स ऑफिसरने योजना सांगितली त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे अकाउंट्सच्या माणसाने, तिचा निकाल द्यावा. स्वतः तोंडी दिलेल्या शब्दावर स्वतःच न्याय करणं कुणालाही जड जातं. ३१ जानेवारीला क्रेडिट नोट. दर महिन्याच्या शेवटी हाच तक्ता अर्धवट स्वरूपात पाठवला, तर डीलरला ३१८ आणि ३०० मधला फरक नोव्हेंबरातच कळेल आणि हातात अजून एक महिना असेल.

क्रेडिट नोटेत एक शेवटची फट राहते. ६०,००० रुपये जीएसटीसह की जीएसटीशिवाय? जीएसटीशिवाय असतील तर ६०,००० ची सवलत आणि त्यावर १०,८०० चा कर अशी नोट येते. डीलर १०,८०० चं इनपुट क्रेडिट परत करतो आणि हातात ६०,०००च राहतात. कंपनीने कराला हात न लावता नुसती व्यापारी क्रेडिट नोट दिली, तरी ६०,०००च. अशा नोटेवर डीलरने क्रेडिट परत करायचं नाही, हे १२ सप्टेंबर २०२५ च्या केंद्राच्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. पण पत्रकातले दहा रुपये "करासहित" असतील, तर ६०,००० मधले ९,१५३ कराचे, आणि ते क्रेडिटमधून जाणार. डीलरचे खरे ५०,८४७. बॅगेला दहाचे साडेआठही राहत नाहीत. "साहेब, हातात किती पडणार?" या प्रश्नाचं खरं उत्तर इथे असतं, आणि ते ऑक्टोबरमध्ये सांगता येतं.

हाच प्रश्न भेटवस्तू आणि सहलींना लावून पाहावा. ३०० टनांना रोख सवलतीऐवजी ८०,००० रुपयांची परदेश सहल, अशी योजना पुष्कळांना भुरळ घालते. बिलातून किंवा क्रेडिट नोटेतून दिलेली विक्री-सवलत आणि सहल, सोन्याचं नाणं किंवा टीव्ही यांत आयकर भेद करतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे, एका आर्थिक वर्षात अशा लाभांची किंमत २०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. विक्री-सवलत त्यातून वगळली आहे, सहल वगळलेली नाही. लाभ वस्तूच्या रूपात असेल तर तो देण्याआधी कर भरला गेल्याची खात्री कंपनीने करायची. म्हणजे आपल्या डीलरला सहलीला निघण्यापूर्वी ८,००० रुपये भरायला सांगितलं जाऊ शकतं, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सहलीची किंमत उत्पन्नात धरून त्याच्यावर एकूण २४,००० चा कर बसतो, सेस वेगळा. नव्या मालाची माहिती देण्यासाठी घेतलेली डीलरांची परिषद यात येत नाही, पण ती टार्गेट गाठलेल्या निवडक डीलरांसाठीच असेल तर येते. ज्याला गोदामाचं भाडं आणि हमाली रोख द्यायची आहे, त्याला मी सहलीपेक्षा क्रेडिट नोटच घ्यायला सांगेन.

एक अट मात्र पात्रतेत कधीच घालू नये, कितीही मोह झाला तरी. रेट तुटू लागले की कंपनीला वाटतं, जो ठरलेल्या भावाखाली विकेल त्याचं प्रोत्साहन बंद. हे पुनर्विक्रीच्या किमतीवरचं नियंत्रण आहे आणि स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) च्या कक्षेत येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला तो कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत डीलरांनी देऊ नये या धोरणावरून. प्रकरण सुरू झालं होतं एका निनावी ईमेलवरून, आणि त्यातली तक्रार मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागाबद्दल होती. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. मोटारींचं जे, ते सिमेंटचंही. रेट तुटायला नको असतील तर स्लॅबचा कडा काढावा. भावावर पहारा बसवू नये.

राहिलं ते पत्रकाच्या तळाशी असलेलं वाक्य, की कंपनी ही योजना केव्हाही बदलू किंवा बंद करू शकते. बाजार बदलतो, इंधन महागतं, कर बदलतो, म्हणून कंपनीला बदलाचा अधिकार हवा हे मला मान्य आहे. पण डीलरने आधीच उचललेल्या आणि योजनेच्या भरवशावर कमी भावाने विकलेल्या मालाला तो लागू करता येणार नाही, असं त्याच वाक्यात लिहावं : बदल लेखी कळवल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या बिलांना लागू होईल, आणि तोवरच्या बिलांचा हिशेब त्या दिवशीपर्यंतच्या टनांवर, दिवसांच्या प्रमाणात कमी केलेल्या स्लॅबनुसार होईल. १५ नोव्हेंबरला योजना बंद झाली, तर ९२ पैकी ४६ दिवस झालेले असतील. ३०० टनांचा स्लॅब तेव्हा १५० टनांचा होईल, आणि त्या दिवसापर्यंत १५० टन उचललेल्या डीलरला त्याचे दहा रुपये मिळतील.